दिंडीच्या दीड मिनिटाच्या उभ्या व्हिडिओचा स्टोरीबोर्ड

प्रश्न: आमच्या गावची दिंडी माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाते. यंदा मोबाइलवर दीड मिनिटाचा उभा व्हिडिओ करायचाय. भक्ती दिसली पाहिजे, पण भेगाळलेले पाय आणि रडकं संगीत असलं काही नको. स्टोरीबोर्ड कसा आखू?

उत्तर:

सगळी वारी दीड मिनिटात बसवायला जाऊ नका. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. तेवढं दाखवायचं म्हटलं की व्हिडिओत फक्त अंतर उरतं, आणि अंतर आलं की कष्ट आपोआप नायक होतात. एकच दिवस घ्या, तोही साधा. दिवे घाट आणि गोल रिंगण सगळेच टिपतात. मी असतो तर जेजुरी ते वाल्हे हा टप्पा घेतला असता. जेमतेम बारा किलोमीटर, मध्ये दौंडज खिंडीत सकाळची न्याहारी, आणि चाल छोटी असल्यामुळे मुक्कामाच्या तळावर लोकांना मोकळा वेळ मिळतो. त्या वेळात माणसं माणसांसारखी दिसतात. धुणं धुतात, फोन चार्जिंगला लावतात, एकमेकांची चेष्टा करतात.

दुसरा निर्णय म्हणजे कोणाच्या मागे जायचं. बहुतेक जण एखादी म्हातारी आजी धरतात. कॅमेरा तिच्यावर, बाकी दिंडी धूसर. तिथेच घोटाळा होतो. तिला गटातून वेगळी काढली की तिचं चालणं ही तिची एकटीची झुंज होते. प्रत्यक्षात तिच्या आजूबाजूला तिची पिशवी ट्रकवर चढवणारे, तिला पाणी देणारे, तिच्याबरोबर हरिपाठ म्हणणारे पन्नास जण असतात. म्हणून माणसाऐवजी वीणेच्या मागे जा. दिंडीत वीणेला मान असतो. ती जमिनीवर टेकवत नाहीत आणि दिवसभरात ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तिच्या मागे कॅमेरा गेला की एकाऐवजी चार-पाच माणसं ओळखीची होतात. शिवाय वीणा उभी असते, त्यामुळे उभ्या चौकटीत ती अंगासरशी बसते.

आता चौकटी. वेळा सेकंदांत देतो, दोन-तीन सेकंद इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही.

० ते ४. रस्त्यावर वीणेची अदलाबदल. साठीतला वीणेकरी वीणा काढून विशीतल्या पोराच्या गळ्यात घालतो. पोरगा वीणेला नमस्कार करून त्याच्या पाया पडतो आणि म्हाताराही वाकून पोराच्या पाया पडतो. कंबरेपासून वर, बाजूने, कॅमेरा स्थिर. पहिले दोन सेकंद अक्षरं नकोत, मग एकच ओळ: ‘जेजुरी ते वाल्हे’. उभ्या व्हिडिओत पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला नाही तर तो गेलाच, म्हणूनच लोक सुरुवातीला जखमेचा पाय टाकतात. म्हाताऱ्यानं पोराच्या पाया पडणं हे वारीबाहेरच्या माणसाला तितकंच थांबवतं. वारकऱ्याला ते रोजचंच, पण आपल्याच दिंडीची वीणा दिसली म्हणून तोही थांबतो.

४ ते १०. त्याच दिवसाची पहाट. तंबू उतरतोय, एका बल्बचा उजेड, खुंट्या उपटणारे हात, मागे काकडा. वीणा अजून खांबाला टांगलेली. इथे लोक टँकरखाली अंघोळ करत असतात. तिकडे कॅमेरा वळवायचा नाही, ‘लांबून घेतलं, चेहरा दिसत नाही’ असं म्हणूनही नाही. बायकांना आडोसा मिळत नाही ही खरी अडचण आहे, पण ती सांगायची तर माणसांशी बोलून सांगा. त्यांचं अंग दाखवून सांगू नका.

१० ते १६. ट्रक. या चौकटीसाठी भांडावं लागलं तरी भांडा. दिंडीचा ट्रक सामान घेऊन पुढच्या मुक्कामी लवकर निघतो, आणि ज्यांना त्या दिवशी चालवत नाही ते त्याच ट्रकमधून जातात. कोणाचा गुडघा सुजलेला, कोणाला रात्री ताप. गाद्यांच्या वळकट्यांवर बसलेली मावशी खालच्या मैत्रिणीला टाळ देते आणि म्हणते, ‘वाल्ह्यात भेटू.’ असं खरंच घडत असतं, फक्त ट्रकजवळ पंधरा मिनिटं आधी जाऊन उभं राहावं लागतं. ट्रकवर चढलेला माणूस व्हिडिओत आला की प्रेक्षकाला कळतं, इथे थांबणं म्हणजे हरणं नाही. तिची भक्ती चालणाऱ्यापेक्षा कमी धरली जात नाही, आणि ते सांगायला निवेदन लागत नाही. संध्याकाळी तीच मावशी आरतीत दिसली की झालं. म्हणून सकाळीच तिच्या लुगड्याचा रंग लक्षात ठेवा.

१६ ते २६. चाल. उभ्या चौकटीची खरी अडचण इथे येते, कारण दिंडी आडवी पसरते आणि चौकट अरुंद असते. बाजूने घेतलं तर तीन माणसं मावतात आणि बाकी मोकळं आभाळ. त्यापेक्षा वळणावर थोडं उंच उभं राहून दिंडी समोरून येऊ द्या. वरच्या भागात पताका, मधोमध टाळकऱ्यांचे हात, त्यांच्यामध्ये मृदंग. ओळींमागे ओळी चढत जातात आणि चौकट भरते. दिंडीचा क्रमांक लिहिलेली पाटी एकदा नीट वाचता येऊ द्या, गावातली मंडळी आधी तीच शोधतात. कॅमेरा घेऊन ओळींसमोर उलटं चालू नका. टाळकऱ्यांची पावली मोडते आणि मागून येणारी गर्दी तुम्हाला पाहून थांबत नाही.

पडद्याचा खालचा साधारण पाचवा भाग आणि उजवी कड ॲपची बटणं, नाव, मजकूर यांनी झाकली जाते. म्हणजे पूर्ण उंचीच्या शॉटमध्ये पाय तसेही दिसत नाहीत. कामाच्या गोष्टी मधल्या पट्ट्यात ठेवा, म्हणजे टाळ धरलेले हात, ओठ, वीणेच्या तारा.

२६ ते ३२. तुळशीवृंदावन. नेहमीचा शॉट खालून वर, डोक्यावर तुळस, कपाळावर घाम, सगळं संथ गतीत. तो नको. तुळस एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाते तो क्षण घ्या. बायका आपसांत पाळी ठरवतात, आणि देताना ‘धरलीस का गं नीट’ असं काहीतरी म्हणतात. तो आवाज ठेवा. वीणेची अदलाबदल आधी दाखवलेली आहेच, ही दुसरी. प्रेक्षकाला धागा इथे सापडतो.

३२ ते ४४. दौंडज खिंड, न्याहारी. भाकरी, पिठलं, ठेचा, कोणीतरी आणलेली चटणी. पाय इथेच दाखवायचे, कारण माणसं इथे पायातलं काढून बसतात. पायांना फोड येतात हे लपवणं खोटेपणाचं आहे. फक्त पाय एकटा दाखवू नका. उभ्या चौकटीला यावर एक सोय आहे, कॅमेरा खालून वर नेता येतो. फोडावर मलमपट्टी करणाऱ्याच्या बोटांपासून सुरुवात करा आणि न तोडता हळूहळू वर या, दोघांच्या चेहऱ्यांपर्यंत. ज्याचा पाय आहे तो बहुतेक वेळा कोणाशी तरी गप्पा मारत असतो. सात-आठ सेकंदांचा एकच अखंड शॉट. तो कापून नुसता पाय ठेवला की तेच दृश्य दुखण्याची जाहिरात होतं. परवानगी आधी घ्या. ‘माऊली, पट्टी बांधताना घेऊ का?’ एवढं पुरतं. नको म्हणाले तर दुसरा पाय शोधा, तिथे कमी नसतात.

४४ ते ५४. स्वयंपाक आणि वही. दिंडी चालते ती भिशीवर. वारकरी ठरावीक रक्कम भरतात आणि त्यातून शिधा, टँकर, ट्रकचं भाडं, आचारी हे सगळं निघतं. बाकीचं गावोगावचे अन्नदाते देतात. भाताचं पातेलं दोघं मिळून उतरवतात, मग हिशेबाच्या वहीवरचं बोट, मग पंगत. वहीतली नावं आणि रकमा वाचता येतील असं घेऊ नका. वही तुम्हाला रूक्ष वाटेल, पण हा प्रवास मनाच्या जोरावर आपोआप होत नाही, कोणीतरी दोन महिने आधीपासून तो जुळवत असतं, हे तीन सेकंदांत तिच्याइतकं दुसरं काही सांगत नाही. मी तर म्हणेन, दिंडीप्रमुखांचा चेहरा दाखवण्यापेक्षा त्यांची वही दाखवा. त्यांनाही ते आवडतं, असा माझा अनुभव आहे.

५४ ते ६२. तळावरची दुपार. फुगडी, दोरीवरचं धुणं, एका बोर्डाला लटकलेले वीस मोबाइल. दोन-दोन सेकंदांचे तुकडे, भराभर. इथे फार रेंगाळू नका.

६२ ते ८२. समाज आरती. सगळ्यात जास्त वेळ हिला दिलाय, त्याचं कारण सांगतो. मुक्कामी सगळ्या दिंड्या तळावर पालखीभोवती जमतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंच करून ‘होऽऽ’ अशी आरोळी देतात आणि एवढा मोठा समाज थांबतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग तिच्याकडे जाऊन विचारलं जातं, तक्रार ऐकली जाते. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशीची निघायची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. त्रास मुकाट्यानं सोसायचा अशी रीत या सोहळ्यातच नाही. तंबूला जागा चिखलात मिळाली, पाणी आलं नाही, चालण्याच्या क्रमात कोणी घुसलं, तर ते भर समाजात टाळ वाजवून सांगायची सोय लावून ठेवलेली आहे. आणि ज्या टाळांवर भजन होतं तेच टाळ तक्रारीला वापरतात. भक्ती आणि गाऱ्हाणं एकाच हातात. तुम्ही कष्ट गौरवताय की नाही याची काळजी करायचं निम्मं काम ही परंपराच करून देते.

शॉट असा लावा. ६२ ते ६८ मोठा आवाज, टाळांचे हात, दाटी. ६८ ला दंड वर जातो. उभ्या चौकटीत उभा दंड वरपर्यंत जातो, त्यामुळे त्याच्यासाठी वर जागा सोडून ठेवा. ७० ते ७४ पूर्ण शांत, आवाजाला हात लावायचा नाही, खाली संगीत सरकवायचं नाही. मग दूरून एकाच दिंडीचे टाळ ऐकू येतात आणि लोक तिकडे माना वळवतात. अक्षरं: ‘टाळ थांबले नाहीत, म्हणजे या दिंडीची तक्रार आहे.’ शेवटचे तीन-चार सेकंद आरतीचे, आणि त्यात सकाळची ट्रकमधली मावशी. ज्या दिवशी तुम्ही घेताय त्या दिवशी कोणाचीच तक्रार नसेल तर हा तुकडा दुसऱ्या मुक्कामी मिळू शकतो, पण मग त्या गावाचं नाव लिहा. घडवून आणू मात्र नका. चोपदारांच्या पुढ्यात खोटे टाळ वाजवायला कोणतीही दिंडी तयार होणार नाही आणि होऊही नये.

८२ ते ९०. वीणा पुन्हा तंबूच्या खांबाला. अक्षरं: ‘उद्या नीरा स्नान, मुक्काम लोणंद.’ पंढरपूरचा कळस दाखवण्याचा मोह होईल. दाखवला की मधला दिवस नुसता सोसण्याचा रस्ता होतो, आणि खरं म्हणजे त्या दिवशी कळस कोणी पाहिलेलाच नसतो.

आवाजाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण जाणकार वारकरी चूक आधी कानानं पकडतो. वाटचालीतल्या भजनाला क्रम असतो. सकाळी मंगलाचरण, रूपाचे अभंग, काकड्याचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे, पांगुळ, गौळणी असा ओघ, आणि हरिपाठ दुपारनंतर. दिंडी-दिंडीत बारीक फरक असतात, पण पहाटेच्या तंबूच्या दृश्याखाली हरिपाठ लावलात तर प्रतिक्रियांमध्ये पहिली ओळ त्याचीच येईल. म्हणून चित्र घेतानाच्या तुटक आवाजावर विसंबू नका. दुसरा मोबाइल एखाद्या टाळकऱ्याच्या खिशात रेकॉर्डिंग चालू करून ठेवा आणि सकाळी एकदा, दुपारनंतर एकदा दहा-दहा मिनिटं अखंड आवाज घ्या. कापडाची खसखस येते, म्हणून मोबाइलचं तोंड वर, खिशाबाहेर. सकाळच्या चित्रांखाली सकाळचा एकच सलग तुकडा, तळावरच्या चित्रांखाली दुपारनंतरचा. चित्रं बदलली तरी आवाज तुटत नाही आणि व्हिडिओला चाल येते. कट टाळांच्या ठोक्यावर टाका.

संथ गती कुठेच नको, आणि याला भावनेपेक्षा साधं तांत्रिक कारण आहे. टाळ संथ केले की हात आणि आवाज जुळत नाहीत, मग खरा आवाज काढावा लागतो, मग ती पोकळी भरायला बासरी किंवा व्हायोलिन येतं. तुम्हाला नको असलेलं रडकं संगीत व्हिडिओत शिरतं ते बहुतेक वेळा या वाटेनं.

अक्षरांचंही तसंच. ‘वय ७८, अनवाणी, तरीही थांबली नाही’ अशी ओळ लिहिली की चप्पल घालणारा, थांबणारा, ट्रकनं जाणारा सगळे खालच्या पायरीवर गेले. त्याच बाईबद्दल ‘बारा वर्षं याच दिंडीत. तुळशीच्या पाळ्या ही लावते’ असं लिहिता येतं. हेही खरंच, पण त्यात ती काय करते ते आहे, काय सोसते ते नाही. वय, किलोमीटर, अनवाणी पाय यांपैकी काहीही लिहायचा हात झाला तर तिला विचारा, तुमच्याबद्दल काय लिहू? उत्तर बहुतेक वेळा गावाचं नाव, दिंडीचं नाव आणि किती वर्षं वारी आहे एवढंच येतं.

कच्ची जोडणी झाली की एक तपासणी करा. फोड, घाम, चिखल, थकलेले चेहरे असलेले सगळे शॉट काढून उरलेलं पाहा. वीणा, तुळस, पंगत, आरती यांतून भक्ती अजून दिसत असेल तर काढलेले शॉट परत घाला, ते आता नुसती माहिती म्हणून बसतील. दिसत नसेल तर तुमची भक्ती कष्टांच्या खांद्यावर उभी होती, आणि मग जोडणी बदलून भागत नाही. पुन्हा एक दिवस जाऊन माणसांमधली देवाणघेवाण घ्यावी लागते. तेवढ्यासाठी चित्रीकरण वाल्ह्यालाच संपवू नका, पुढचे एक-दोन मुक्काम हाताशी ठेवा.

उलटी चूकही होते. सगळं इतकं हसरं-नाचरं की पावसाळी सहल वाटावी. शौचालयापुढची रांग, ओले तंबू, पावसात भिजलेली अंथरुणं एखाद्या शॉटमध्ये येऊ द्या. व्यवस्था कमी पडली असेल तर ती कमी पडली असंच दिसू द्या. त्यावर अभंग लावून तिला गोड करू नका.

साधनं फार लागत नाहीत. १०८० बाय १९२०, सेकंदाला ३० चौकटी, मोबाइलची लेन्स पुसायला कोरडं फडकं, पावसासाठी प्लास्टिकची पिशवी आणि पॉवर बँक. ड्रोनचा विचार सोडा. परवानगीची कटकट वेगळीच, पण वरून घेतलं की माणसांचे ठिपके होतात आणि या व्हिडिओत ठिपक्यांना काम नाही. निघण्याआधी दिंडीप्रमुखांना हा कागद वाचून दाखवा. वीणा कोणत्या वेळी कोणाकडे जाते, ट्रक किती वाजता सुटतो आणि आरतीला तुमची दिंडी तळावर कुठे उभी राहते, हे तीन प्रश्न त्याच बैठकीत विचारा.

एखाद्या ठिकाणी ६० सेकंदांचाच व्हिडिओ चालत असेल तर तळावरची दुपार पूर्ण काढा, चालीचे चार सेकंद कमी करा, पहाट तीन सेकंदांवर आणा, शेवटची चौकट चारावर, आणि वही-पंगत यांपैकी एकच ठेवा. आणखी दहा सेकंद न्याहारी, तुळस आणि आरतीच्या सुरुवातीच्या कल्लोळातून निघतील. ट्रक आणि चोपदारांनंतरची शांतता यांना हात लावू नका.